दुकानदाराला पाठवायचा कॅटलॉग: दराचं पान आधी, फोटो नंतर

प्रश्न: आमचा १२ जणींचा बचत गट बार्शी तालुक्यात आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, काळा मसाला असे १४ पदार्थ करतो. प्रदर्शनात चांगलं खपतं. आता पुण्यातल्या दुकानांना माल द्यायचा आहे. एका ओळखीच्या मुलीनं २६ पानांचं पीपीटी करून दिलं. चार दुकानदारांना पाठवलं, चौघांनी ‘बघून कळवतो’ म्हटलं, कोणीच कळवलं नाही. दर आणि अटी नेमक्या कशा लिहायच्या?

उत्तर:

ताई, गटांचा माल दुकानात लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि त्याआधी काही काळ एका दुकानाची खरेदी बघत होते. त्या खुर्चीत बसून जे पाहिलं तिथूनच सांगते. दुकानदार कॅटलॉग गल्ल्यावर उभ्या-उभ्या, मोबाईलवर, गिऱ्हाईक समोर असताना उघडतो. तो तीनच आकडे शोधतो: छापील किंमत किती, मला कितीला पडणार, आणि एका खोक्यात किती नग. ते दिसले तर पुढे टिकण्याची मुदत आणि परतीचं विचारतो. गटाची स्थापना, अध्यक्षांचं मनोगत, प्रशिक्षणाचे फोटो ही पानं तुमच्यासाठी मोलाची आहेत, पण ती ओलांडून दरापर्यंत जायला त्याला वेळ नसतो.

म्हणून माझं सांगणं असं की २६ पानांची सहा करा आणि सुरुवात दराच्या पानापासून करा. कॅटलॉगमध्ये ते पाचवं पान असेल, पण तयार मात्र आधी ते व्हायला हवं. दर ठरला नसताना फोटो काढत बसलं की शेवटी घाईत काहीतरी आकडा टाकला जातो आणि तोच पुढे वर्षभर गळ्यात पडतो.

एका पदार्थाचा हिशेब पूर्ण करून दाखवते. शेंगा चटणी घेऊ, २०० ग्रॅमचं पाकीट. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव तुम्ही घालायचे.

समजा एका घाण्याला ९ किलो शेंगदाणे लागले, १३० रुपयांनी ११७० झाले. एक किलो लसूण १६०, तिखट १८०, मीठ-जिरं ७०. एकूण १५८०. भाजून, सालं पाखडून आणि लसूण सोलून जी घट येते ती धरून ४८ पाकिटं भरली, म्हणजे पाकिटामागे कच्चा माल ३३ रुपये. इथे पहिली चूक होते. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ सगळ्यांचं मिळून जेवढं वजन तेवढीच चटणी धरली जाते, आणि सालांचं व भाजताना उडालेल्या पाण्याचं वजन हिशेबात येतच नाही. घाणा झाल्यावर भरलेली पाकिटं मोजा आणि त्याच आकड्यानं भागा.

पाऊच आणि लेबल साडेसहा रुपये. तिघींचा अर्धा दिवस, प्रत्येकी २०० धरले तर पाकिटामागे साडेबारा. गॅस, वीज, कांडण अडीच. खोकं ४० रुपयांचं आणि बार्शीहून पुण्याला पार्सल, दोन्हीकडच्या रिक्षेसकट, १५० धरलं तर ४८ पाकिटांत विभागून चार रुपये. फुटतूट आणि नमुन्याला गेलेली पाकिटं यासाठी दीड रुपया. बेरीज ६०. त्यावर गटाला १० रुपये राहायला हवेत असं ठरवलं, तर दुकानाला द्यायचा दर ७०.

मजुरी सोडून देऊ नका. प्रदर्शनात पाकीट विकून आलेल्या पैशातून आपसात वाटून घेता येतं, त्यामुळे मजुरी वेगळी न धरण्याची सवय लागते. दुकानाच्या दरात ती सवय चालत नाही, कारण तिथे महिन्याला दहा घाणे करावे लागतात आणि दोन महिन्यांनी बायका यायच्या बंद होतात.

आता ७० वरून छापील किंमत काढायची. दुकानदार म्हणतो, ‘मला पंचवीस टक्के पाहिजेत.’ आपण काय करतो? सत्तरचे पंचवीस टक्के साडेसतरा, म्हणून साडेसत्याऐंशी, म्हणून छापा ८८. माझ्या एका गटानं अशी दोन हजार लेबलं छापून आणली होती. दुकानदाराचे टक्के मात्र नेहमी छापील किमतीवर असतात. त्यानं ८८ चे पंचवीस टक्के, म्हणजे २२ रुपये वजा केले आणि ६६ चं बिल मागितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, बाजाराची रीतच ती आहे. गटाचे दहातले चार रुपये मात्र पहिल्याच पाकिटात गेले. बरोबर रीत भागाकाराची आहे: त्याला शंभरातले पंचवीस हवेत, म्हणजे आपले ७० हे छापील किमतीचे पंचाहत्तर टक्के. ७० ला ०.७५ नं भागलं की ९३ रुपये ३३ पैसे येतात. म्हणून ९५ छापायचे.

पण इथेही थांबू नका. पुण्यातली बरीच दुकानं जीएसटीत नोंदलेली असतात. कोरड्या चटणीवर ५ टक्के कर आहे आणि छापील किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे ९५ मधले साधारण साडेचार रुपये त्याला सरकारला भरावे लागतात. तुमच्या गटाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच जात असेल तर तुम्हाला सहसा नोंदणी लागत नाही, पण मग त्याला तुमच्या बिलावर कराची वजावटही मिळत नाही. कागदावर २५ रुपये दिसले तरी त्याच्या हातात साडेवीसच राहतात. दुकानदार तीस टक्के मागतो तेव्हा तो अडून बसला आहे असं वाटतं, पुष्कळदा तो फक्त हे साडेचार रुपये धरत असतो. म्हणून या उदाहरणात मी १०० छापेन. एका खोक्याला दर ७२, दोन खोकी किंवा जास्त घेतली तर ७०. सत्तरला घेतलं तरी कर भरून त्याला पंचवीसच्या वर राहतात आणि आपले दहा शाबूत राहतात. मात्र लेबल छापण्याआधी दोन-तीन दुकानांत जाऊन फळीवरच्या शेंगा चटणीच्या २०० ग्रॅम पाकिटांवरच्या किमती बघून या. तिथे सगळी पाकिटं ८० ची असतील तर १०० चं पाकीट हलणार नाही, आणि तेव्हा वजन १५० ग्रॅमवर आणून हिशेब पुन्हा मांडणं बरं. दर पाडू नका.

पापडावर जीएसटी नाही, त्यामुळे पापडाचं गणित वेगळं येईल. प्रत्येक पदार्थाला हे वेगवेगळं करावं लागतं, आणि म्हणूनच १४ पदार्थ कॅटलॉगमध्ये घालू नका. पाच घ्या. कोणते? जे तुम्ही दहा दिवसांत पुन्हा तेवढेच आणि तशाच चवीचे करून देऊ शकता ते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी तर एकाच पानावर शेजारी दाखवा, कारण पुण्यात सोलापूरकडची माणसं ती जोडीनंच घेतात आणि दुकानदाराला फळीवर कुठे काय ठेवायचं ते आपोआप कळतं.

दराच्या पानावर प्रत्येक पदार्थाला एकच ओळ हवी आणि रकाने फक्त सहा: पदार्थ, वजन, छापील किंमत, एका खोक्यातले नग, एका खोक्याला दर, दोन खोक्यांपासून दर. टिकण्याची मुदत पदार्थाच्या पानावर असते, इथे गर्दी करू नका. वर ठळक अक्षरांत ‘हे दर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लागू’ असं लिहा. मी तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत देत नाही. शेंगदाणे आणि मिरची दोन्ही वर्षभर एका भावानं राहत नाहीत, आणि तारीख नसेल तर दुकानदार मागच्या दिवाळीतला कागद काढून दाखवतो. दराचं पान बाकीच्या कॅटलॉगपासून वेगळी फाईल म्हणूनही ठेवा, म्हणजे दर बदलले की फक्त तेच पान पाठवता येईल.

आणखी एक, फार जपायची गोष्ट. दुकानाचा दर असलेली फाईल गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. एका गटात एका ताईनं कौतुकानं सगळा कॅटलॉग नातेवाइकांना पाठवला, आणि आठवड्याभरात दुकानात लोक विचारायला लागले, ‘तुम्हाला बहात्तरला मिळते, आम्हाला शंभरला का?’ त्या दुकानदारानं माल परत पाठवला. दोन फाईली करा. दुकानाच्या फाईलच्या नावातच ‘फक्त दुकानांसाठी’ असं घाला, आणि ती गटातल्या एकाच ताईच्या फोनवरून जाईल असं ठरवा. त्याच कारणानं, प्रदर्शनात तुम्ही १०० चं पाकीट ८० ला विकू नका. पुण्यातल्या प्रदर्शनात तर नाहीच. तुमचा दुकानदार तिथे फिरायला येतो.

आता अटींचं पान. अटी लिहायला गटांना संकोच वाटतो, गिऱ्हाईक दुखावेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. अटी लिहिलेल्या असल्या की दुकानदाराला समोर व्यवहार समजणारी माणसं दिसतात. फक्त प्रत्येक अट हिशेबातून आलेली असावी, दुसऱ्या कुणाच्या कागदावरून उतरवलेली नको.

कमीत कमी किती माल, हे पार्सलच्या खर्चावरून ठरतं. ४८ पाकिटांच्या खोक्याला १५० रुपये लागतात. दुकानदार म्हणाला, ‘आधी डझनभर पाठवा, बघू,’ तर डझनाच्या पार्सललाही शंभर-सव्वाशे लागतात, म्हणजे पाकिटाला दहा रुपये. तुमचा बराचसा नफा पार्सलवाल्याला गेला. तरी त्याचं म्हणणं रास्त आहे, नव्या मालाची ४८ पाकिटं तो कशाला अडकवील? तोड अशी की पहिल्या ऑर्डरला मिश्र खोकं द्या, चार पदार्थ प्रत्येकी बारा. खोकं भरतं, पार्सल परवडतं आणि त्याला चार चवी कळतात. कडक भाकरी या मिश्र खोक्यात घालू नका. पाकिटांच्या वजनाखाली तिचा चुरा होतो. तिला वेगळं उभट खोकं, आत पुठ्ठ्याचे कप्पे.

उधारी हा अटींचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. मजुरी मागाहून दिली तरी एका पाकिटात गटाचे साडेसत्तेचाळीस रुपये रोख गुंतलेले असतात. सहा दुकानांना एकेक खोकं दिलं तर २८८ पाकिटं, म्हणजे १३,६८० रुपये. पहिले पैसे यायच्या आत दुसरी खेप गेली की २७,३६०. तुमच्या गटाकडे खेळतं भांडवल किती आहे ते या आकड्याशेजारी ठेवा आणि मग उधारीचे दिवस ठरवा. मी बहुतेक गटांना असं लिहायला सांगते: पहिली ऑर्डर रोख, त्यापुढे बिल टू बिल, म्हणजे मागचं बिल चुकतं झालं की पुढचा माल निघेल. ‘३० दिवस उधारी’ लिहिलं की ती ६० होते, कारण मोजणारं कोणी नसतं. बिल टू बिलमध्ये रिकामी फळीच आठवण करते. उद्यम नोंदणी करून घ्या, बचत गटालाही ती मिळते. नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत, असा २००६ चा कायदा आहे. मोठ्या साखळी दुकानाशी बोलताना तो उपयोगी पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कायदा दाखवून पैसे निघत नाहीत, तिथे माल थांबवणं हाच उपाय.

परतीची अट पदार्थाप्रमाणे वेगळी लिहा. शेंगा चटणीत दोष येतो तो दोन ठिकाणी. कांडलेल्या चटणीला तेल सुटतं. भरताना ते पाऊचच्या तोंडाला लागलं की सील धरल्यासारखं दिसतं पण धरत नाही, आणि खोक्यात दाब पडला की उघडतं. भरायला नरसाळं वापरा, तोंड कोरड्या फडक्यानं पुसा आणि सील झालेलं प्रत्येक पाकीट हातानं दाबून हवा निघते का बघा. असं सुटलेलं पाकीट आपण बदलून द्यायलाच हवं. दुसरा दोष खवटपणाचा. मुदत अंदाजानं छापू नका. एका घाण्यातली आठ-दहा पाकिटं बाजूला ठेवा, अर्धी कपाटात, अर्धी दुकानासारखी उजेडात, आणि दर पंधरा दिवसांनी एकेक उघडून तिघींनी वास घ्या. उजेडातलं पाकीट ज्या महिन्यात खवट लागेल, त्याच्या बराच अलीकडचा आकडा छापा. प्रयोगशाळेतून तपासून घेता आलं तर उत्तमच.

कडक भाकरीला तुटण्याची अट लागते. ‘माल पोहोचल्यापासून दोन दिवसांत फोटो पाठवल्यास तुटलेली पाकिटं पुढच्या बिलात वजा’, एवढं पुरे. दोन दिवसांची मुदत नसली तर दुकानात आपटलेल्या पाकिटांचाही भार तुमच्यावर येतो. न खपलेल्या मालाबद्दल मी पहिल्या ऑर्डरपुरती सूट देते: मुदत संपायला ३० दिवस उरले असताना कळवलं तर तो पदार्थ दुसऱ्यानं बदलून देऊ. मुदत संपलेला माल परत घेण्याचं कबूल करू नका, नाहीतर तो मागच्या फळीवर ढकलला जातो आणि वर्षाच्या शेवटी खोकंभर परत येतो. त्याच्या बदल्यात तुम्हीही एक शब्द द्या: बनवल्यापासून १५ दिवसांच्या आतलाच माल पाठवू. हे वाक्य दुकानदार वाचतो.

अटींचं पान एवढंच असावं:

‘पहिली ऑर्डर: मिश्र खोकं, ४८ पाकिटं, रोख. पुढे किमान एक खोकं.
पैसे: बिल टू बिल. दिवाळीच्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ.
माल: ऑर्डर पक्की झाल्यापासून १० दिवसांत. बनवल्यापासून १५ दिवसांच्या आतला. पुण्यापर्यंतचं पार्सल आमच्याकडे.
परत: सील सुटलेलं किंवा तुटलेलं पाकीट दोन दिवसांत कळवल्यास बिलातून वजा. पहिल्या ऑर्डरचा न खपलेला माल मुदत संपायला ३० दिवस उरले असताना कळवल्यास बदलून. मुदत संपलेला माल परत नाही.
ऑर्डर: फक्त या नंबरवर, लिहून.’

शेवटची ओळ साधी दिसते, पण ती नसेल तर तीन ताईंना तीन फोन येतात आणि एकच ऑर्डर दोनदा जाते. दिवाळीच्या आगाऊ रकमेचं कारण विचारलं तर खरं ते सांगा, की त्या महिन्यात शेंगदाणे आणि पाऊच एकदम घ्यावे लागतात.

उरलेली चार पानं पटकन होतात. पहिल्यावर गटाचं नाव, गाव, पाच पदार्थांचा एक फोटो, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि ऑर्डरचा नंबर. नोंदणी ज्या नावानं आणि पत्त्यानं आहे तेच नाव-पत्ता लेबलवर आणि या पानावर हवं. नोंदणी एका ताईच्या नावानं आणि लेबलवर गटाचं नाव, असं असेल तर दुकानदार गप्प बसतो आणि ऑर्डर देत नाही, कारण तपासणी आली तर उत्तर त्याला द्यावं लागतं. पुढची तीन पानं पदार्थांची. प्रत्येकाला पाकिटाचा समोरचा फोटो आणि मागच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो. मागच्या फोटोत तो घटक, निव्वळ वजन, बॅच नंबर, तारखा, शाकाहाराचं हिरवं चिन्ह बघतो. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाईलनं काढलेला फोटो चालतो. परातीत मांडलेली चटणी आणि भोवती फुलं, हा फोटो गिऱ्हाइकांच्या फाईलमध्ये घाला.

फाईल पीपीटी म्हणून पाठवू नका. समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, आणि चार दुकानदारांपैकी काहींना तुमचे दर वाचताच आले नसतील अशी मला दाट शंका आहे. पान उभं ठेवा, पीडीएफ करा, ती पाच एमबीच्या आत बसवा. मग गटातल्या चष्मा लागणाऱ्या ताईला मोबाईल द्या आणि बोटांनी मोठं न करता दराचं पान मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे ती अडखळेल तिथलं अक्षर वाढवा.

पाठवल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी दोन ते चारच्या मधे फोन करा, तेव्हा दुकानात गर्दी कमी असते. ‘बघितलं का’ असं विचारू नका. ‘मिश्र खोकं पाठवू का, शनिवारी पार्सल निघतंय’ असं विचारा. तो नाही म्हणाला तर कशामुळे तेवढं वहीत लिहून ठेवा: दर, मुदत, की त्या पदार्थाची त्याच्याकडे आधीच तीन पाकिटं आहेत म्हणून. दहा दुकानांनंतर वहीत एकच कारण सहा वेळा आलेलं दिसेल, आणि पुढच्या तिमाहीचं दराचं पान करताना आधी तेच दुरुस्त करायचं.